मिल्क पावडरची झटपट बर्फी: एकदा चिकट, एकदा दगड, मग जमली

"दहा मिनिटांत होते गं, पॅन सोडायला लागली की थापायची," एवढ्या एका वाक्यावर मी मिल्क पावडरची बर्फी करायला घेतली आणि त्या एका वाक्यानेच माझी वाट लावली. म्हणजे सांगणारीचं चुकलं नव्हतं, ती कढईत करत होती आणि मी नॉनस्टिक पॅनमध्ये, आणि हा फरक किती मोठा आहे ते मला दोन घाणे बिघडल्यावर कळलं. तेच सगळं लिहून ठेवतेय, कारण चिकट झालेली आणि कडक झालेली अशा दोन्ही बर्फ्या मी नंतर परत कढवून खाण्यालायक केल्या, त्यामुळे कोणाची आत्ता ओट्यावर बिघडलेली पडली असेल तर टाकून देऊ नका.

आधी माझं प्रमाण सांगते, तिन्ही वेळा हेच होतं. साधी फुल क्रीम मिल्क पावडर २५० ग्रॅम, दूध १५० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, तूप ६० ग्रॅम, वेलची. वाटीने का नाही सांगत, तर मिल्क पावडर हा फार लबाड प्रकार आहे, भुरभुरीत भरली तर वाटीत कमी बसते, ठोकून भरली तर कितीतरी जास्त. मी केक करते त्यामुळे वजनकाटा ओट्यावरच असतो, आणि या काट्यानेच शेवटी मला वाचवलं, पण ते पुढे.

पहिला घाणा. पॅनमध्ये तूप गरम केलं, त्यात दूध ओतलं, उकळी आली, मग पावडर एकदम ओतली. झालं, गुठळ्याच गुठळ्या. गरम दुधात पावडर टाकली की प्रत्येक गोळीचं बाहेरचं आवरण लगेच भिजून चिकट होतं आणि आतली पावडर कोरडीच अडकून राहते, मग कितीही घोटा. मी घोटत बसले, अर्ध्या गुठळ्या मोडल्या, अर्ध्या तशाच. दोन-तीन मिनिटांत सगळं मिश्रण घट्ट होऊन गोळा झाला आणि पॅनमध्ये इकडून तिकडे मस्त घसरायला लागला. मी खूश, म्हटलं पॅन सोडलं की. मग साखर घातली आणि तो गोळा परत पातळ! घाबरले ना, मग गॅस थोडा मोठा केला, पाच-सहा मिनिटांत परत घट्ट झाला, परत कडा सोडल्या, मी लगेच तूप लावलेल्या ट्रेमध्ये थापला आणि वरून वाटीच्या बुडाने छान गुळगुळीत करून मोकळी झाले.

दोन तासांनी सुरी घातली तर सुरीबरोबर बर्फी वर. वडी पडतच नव्हती, बोटाला लावलं तर बारीक तार. फ्रीजमध्ये टाकली, रात्रभरात घट्ट झाली, सकाळी मस्त वड्या पडल्या, डब्यात भरल्या, आणि दुपारी डबा उघडला तर सगळ्या वड्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. फ्रीज हा उपाय नाहीच, थंडीने तूप गोठतं म्हणून तात्पुरती घट्ट वाटते, आतलं पाणी तेवढंच असतं. वर परत बाहेर काढली की गार वडीला घाम सुटतो आणि ती आणखीनच चिकटते.

मग बसून विचार केला की झालं काय. पॅन सोडलं होतं, गोळा झाला होता, मग कच्ची कशी? तर बघा, खव्याच्या किंवा दूध आटवून केलेल्या बर्फीत गोळा होतो तो पाणी उडाल्यामुळे, तिथे गोळा म्हणजे खरंच तयार. मिल्क पावडरचं तसं नाही, पावडर मुळात कोरडी, ती दूध पिऊन घेते म्हणून गोळा होतो. पाणी कुठेच गेलेलं नसतं, फक्त पावडरीत लपलेलं असतं. म्हणून तर साखर घातली की परत पातळ होतं, कारण साखर तेच पाणी ओढून घेऊन विरघळते. पहिला गोळा खोटा. आणि दुसरा गोळा, म्हणजे साखरेनंतरचा, तोसुद्धा सुरुवातीला अर्धवटच असतो.

आणि पॅन सोडण्याची खूण तर नॉनस्टिकमध्ये बिनकामाची. त्यात कणीक टाकली तरी घसरेल, वर ६० ग्रॅम तूप! जाड बुडाच्या साध्या कढईत जे मिश्रण कच्चं असताना चिकटून बसतं आणि शिजल्यावर सुटतं, ते नॉनस्टिकमध्ये पहिल्या मिनिटापासून सुटलेलंच असतं.

तर त्या चिकट बर्फीचं काय केलं ते सांगते. सगळ्या वड्या काढल्या, वजन केलं (सवय), ५१० ग्रॅम भरलं. परत पॅनमध्ये, एक टेबलस्पून दूध शिंपडलं. चिकटला दूध कशाला असं वाटेल, पण ते फक्त सुरुवातीला खाली लागू नये म्हणून, नाहीतर गार गोळा वितळायच्या आधी बुडाला करपतो. अगदी मंद गॅस, उलथन्याने दाबत दाबत मोडत राहिले, तीन-चार मिनिटांत परत एकजीव मऊ झालं, मग पुढे सहा-सात मिनिटं सतत हलवलं. यावेळी कडांकडे बघितलंच नाही. एक स्टीलची छोटी ताटली फ्रीजरमध्ये ठेवली होती, तिच्यावर अर्धा चमचा मिश्रण टाकलं, मिनिटभर थांबले, मग बोटात घेऊन गोळी वळली. पहिल्यांदा गोळी झाली पण बोटाला ओलसर चिकटून राहिली. दोन मिनिटांनी परत केली तर गोळी नीट वळली, बोट कोरडं, आणि ताटलीवर राहिलेल्या थेंबाची चकाकी गेलेली. हे चकाकीचं लक्षात ठेवा. ओलं मिश्रण गार झालं तरी चमकत राहतं, तयार मिश्रण गार होताना वरून मॅट होतं, कारण साखर परत बारीक कणांत जमायला लागते. जास्त पाणी राहिलं तर ती पाकच राहते, जमतच नाही, आणि आपण त्यालाच चिकट म्हणतो.

थापली, दोन तासांनी वड्या पडल्या. वजन ४८३. मी मागच्या पानावर आकडे लिहून ठेवले, पुढचा काही विचार केला नाही.

एक मोह होतो चिकट झाल्यावर, वरून कोरडी मिल्क पावडर मिसळायची. मी आधी दोन वड्यांवर करून बघितलं. चिकटपणा जातो, खोटं नाही, पण कच्च्या पावडरीची ती चव येते, टाळूला चिकटणारी, आणि खाताना रवाळ नाही तर पिठूळ लागतं. अगदीच गॅसवर परत ठेवणं शक्य नसेल तर चालेल, पण मला नाही आवडलं.

आता दुसरा घाणा, आठ-दहा दिवसांनी. यावेळी चिकट होऊ द्यायचीच नाही असं ठरवूनच उभी होते, आणि सासूबाई म्हणाल्या, "तूप सुटेपर्यंत परत गं, तूप सुटलं की झाली." त्यांचं खव्याच्या बाबतीत असेल बरोबर. इथे मी परतत राहिले, तूप काही सुटेना, गॅस मध्यम केला, कारण हात दुखायला लागले होते, आणि हळूहळू पांढऱ्याचं क्रीम, क्रीमचं बदामी झालं. वास सुंदर सुटला. शेवटी कडेने तुपाचे बारीक बुडबुडे दिसले तेव्हा गॅस बंद केला, पण मिश्रण पॅनमध्येच ठेवून ट्रेला तूप लावत बसले. तीन मिनिटं गेली असतील फार तर. पण जाड बुडाचं पॅन गॅस बंद केल्यावरही शिजवतच राहतं हे मी विसरले. थापायला घेतलं तर मिश्रण भेगाळत होतं, दाबून दाबून कसंबसं बसवलं.

गार झाल्यावर सुरी आत जाईना. बत्ता घेतला हो, खरंच बत्ता घेतला. नवरा म्हणाला चॉकलेटसारखी चोखून खाऊ. चव टॉफीची, दाताला चिकटणारी पण दगड. वजन केलं, ४४८ ग्रॅम.

तेव्हा मागचं पान उघडलं आणि आकडे शेजारी शेजारी बघितले. सगळं सामान मिळून ५६० ग्रॅम. चिकट होती तेव्हा ५१०, म्हणजे फक्त ५० ग्रॅम पाणी उडालेलं. नीट झाली तेव्हा ४८३. दगड झाला तेव्हा ४४८, म्हणजे ११० ग्रॅमच्या वर गेलं. दुधातलं पाणीच मुळात साधारण १३० ग्रॅम, म्हणजे मी जवळजवळ सगळं वाळवून टाकलं होतं. चिकट आणि दगड यांच्यात पाव वाटी पाण्याचा फरक, बास. त्यात कुठे किती मिनिटं हे सांगून उपयोगच नाही, कारण माझा गॅस वेगळा, पॅनचा व्यास वेगळा, पसरट पॅनमध्ये पाणी भराभर उडतं, उभट पातेल्यात तेच दुप्पट वेळ लागतो. "दहा मिनिटांत होते" हे कोणाच्या दहा मिनिटांत, हा प्रश्न आहे.

दगडाची दुरुस्ती. ही चिकटपेक्षा जरा किचकट आहे, कारण मोठे तुकडे तसेच दुधात टाकून गॅसवर ठेवले तर बाहेरून लापशी आणि आत खडे. मी तुकडे बत्त्याने फोडून मिक्सरला थांबून थांबून फिरवले, सलग फिरवलं तर गरम होऊन पात्याला गोळा बसतो. जाडसर रव्यासारखं झालं. त्यावर ६० ग्रॅम गरम दूध ओतून झाकून वीस मिनिटं तसंच ठेवलं, गॅस नाही काही नाही. हे भिजवणं टाळू नका, कोरडे कण पाणी पिऊन आतून मऊ व्हायला वेळ लागतोच. मग मंद गॅसवर परतलं, चार-पाच मिनिटांत एकजीव झालं, आणि गार ताटलीची चाचणी दुसऱ्याच वेळेला पास. दूध धरून ५०८ होतं ते ४८५च्या आसपास आलं की थांबले. वड्या मऊ पडल्या. रंग मात्र बदामीचा पांढरा नाही होत, आणि ती भाजल्याची चवही जात नाही. मला ती आवडली, पण पांढरीशुभ्र हवी असेल तर विसरा. आणि बुडाला लागून काळे कण आले असतील, जळका वास असेल तर दूध घालून काही होत नाही, उलट वास सगळीकडे पसरतो.

कडक म्हणताना अजून एक प्रकार असतो, तो वेगळा ओळखायचा. वडी कठीण नसते, पण हात लावला की भुगा होतो. तिथे जास्त शिजलं असं नसतं, पावडर जास्त आणि दूध-तूप कमी असं झालेलं असतं, किंवा थापताना मिश्रण गार होऊन गेलेलं असतं. तिला मिक्सर लागत नाही, हातानेच मोडायची, दोन-तीन चमचे दूध आणि चमचाभर तूप घालून मंद गॅसवर जेमतेम एकजीव करायची आणि गरम असतानाच दाबून थापायची.

चिकटमध्येही दोन प्रकार आहेत बरं का. बोटाला तार येते ती पाण्याची. बोट नुसतं तेलकट होतं, कागदावर ठेवली की डाग पडतो, ती तुपाची, ती परत कढवून सुधारत नाही कारण तूप काही उडून जात नाही. तिला टिपकागदावर ठेवायची किंवा पुढच्या वेळी तूप कमी करायचं.

आणि नणंदेचा किस्सा, कारण त्यात मी दोन दिवस डोकं खाजवत होते. तिला मी हेच सगळं सांगितलं, तिने ताटली गार करून चाचणी केली, तरी चिकट आणि वर गोड मिट्ट. फोनवर म्हणे वहिनी तुझं प्रमाणच चुकलंय. शेवटी तिला पाकिटाची मागची बाजू वाचायला लावली तर घटकांमध्ये साखर लिहिलेली. ती मिल्क पावडर नव्हती, डेअरी व्हाइटनर होतं, चहात घालायचं. दिसायला सारखंच, पण त्यात साखर आधीच मिसळलेली असते, त्यामुळे वरून माझी १०० ग्रॅम घातली की पाक खूपच जास्त होतो. तिने त्यात साधी मिल्क पावडर आणि थोडं दूध घालून परत कढवली, घाणा मोठा झाला पण वड्या पडल्या. व्हाइटनरच वापरायचं असेल तर साखर निम्म्याच्या खाली आणा आणि चाखून वाढवा. स्किम्ड मिल्क पावडरची गोष्ट उलटी, तिच्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो, ती लवकर कोरडी आणि चिवट होते, त्यामुळे तिला तूप सढळ लागतं.

तिसरा घाणा आता नीट सांगते, तसंच करते मी तेव्हापासून. गॅस पेटवायच्या आधी रिकाम्या पॅनचं वजन करून ठेवते, माझं ८४० ग्रॅम आहे. मग गार पॅनमध्येच पावडर, आणि खोलीच्या तापमानाचं दूध तीन वेळा करून घालते, विस्कने फेटते, एक गुठळी राहत नाही. मग वितळलेलं तूप, मग साखर, सगळं गॅसच्या आधीच. साखर नंतर घालायची गरज नाही, त्या खोट्या गोळ्याचा घोळच नको. मंद गॅस, आणि सिलिकॉनच्या उलथन्याने बूड खरवडत राहायचं, नुसतं गोल फिरवायचं नाही, कारण मिल्क पावडर बुडाला फार पटकन लागते आणि लागलं की तांबूस पापुद्रे वर येतात. आधी मिश्रण पातळ होतं, साखर विरघळते, मग इडलीच्या पिठासारखं, मग उलथन्याने रेघ ओढली की रेघ हळूहळू भरते, मग भरतच नाही. रेघ भरायची थांबली की ताटली फ्रीजरमधून काढायची वेळ झाली.

काट्यावर लाकडी पोळपाट ठेवून शून्य करते, गॅस बंद करून पॅन त्यावर ठेवते. थेट ठेवू नका, माझ्या आधीच्या काट्याची काच अशीच तडकली. ८४० आणि ४८५ मिळून १३२५. पहिल्यांदा १३४४ दाखवलं, परत गॅसवर, दोन मिनिटांनी १३२७, तेवढ्यात ताटलीवरचीही गोळी कोरडी वळली, दोन्ही जुळलं. ट्रे आधीच तूप लावून शेजारी होता, लगेच ओतलं. ओतताना ते अजून मऊ वाटतं, जरा जास्तच मऊ, आणि इथे हात शिवशिवतो की अजून दोन मिनिटं परतावं. परतायचं नाही. गरम असताना वडीच्या घट्टपणाची दिसली तर गार झाल्यावर ती दगडच असते.

झाकण लावायचं नाही, वाफेचं पाणी वर पडतं. अर्ध्या तासाने कोमट असताना सुरीने खुणा पाडायच्या, पूर्ण गार झाल्यावर, दोन-अडीच तासांनी, वड्या वेगळ्या करायच्या. कोमट असताना वेगळ्या करायला गेलं तर कडा ओढल्या जातात आणि उगाच वाटतं की परत चिकट झाली.

परवा दुप्पट केली. आकडा सरळ दुप्पट धरला, ९७०, पण त्याच पॅनमध्ये केली ही चूक. थर जाड झाला, पाणी उडायला दुपटीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला आणि तेवढ्या वेळात रंग हलका बदामी आला. वड्या छान पडल्या, वजन बरोबर ९७२, पण सासूबाईंनी हातात घेऊन विचारलंच, "यात कॉफी घातलीस का गं?"